फाडून काढल्याने गझल शिकता येते काय?

मराठी गझलेच्या मैफलींत आणि व्हॉट्सॲपवरच्या मोठमोठ्या गटांत एक मत आज जवळपास सिद्धान्तासारखे वावरते. ते असे की, नवख्याची गझल तोंडावर फाडल्याशिवाय तो सुधारत नाही. कुणी पाच-सहा शिकाऊ मंडळींचा छोटा ऑनलाइन गट काढून त्याला नियम लावले, अभिप्रायाच्या फेऱ्या ठरवल्या आणि बोलण्याची रीत सौम्य ठेवली, की जाणकार मान हलवतात. ‘एकमेकांची पाठ थोपटण्याचा कार्यक्रम’ असा शेरा मारून विषय संपवला जातो. हे मत मांडणारे गझलेचे शत्रू नाहीत. उलट तिच्यावर जीव असलेलीच माणसे आहेत. म्हणून त्यांच्या म्हणण्याला उत्तर द्यायचे तर आधी ते पूर्ण ताकदीने मांडले पाहिजे.

त्यांचा पक्ष तीन पायांवर उभा आहे. पहिला, सौम्य बोलण्यात दोष झाकला जातो. गझलेत मात्रा चुकली म्हणजे चुकली, तिथे ‘प्रयत्न छान आहे’ म्हणणे ही फसवणूक आहे. दुसरा, गझल ही गुरुमुखी विद्या आहे. उर्दूत शागिर्दाने उस्तादाकडून इस्लाह घेण्याची परंपरा आहे, उस्ताद ओळ दुरुस्त करून देतो आणि शागिर्द त्यातून शिकतो. ज्याला स्वतःला वृत्त धड पेलत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? तिसरा, चर्चा मोकळी हवी. फेऱ्या, पाळ्या, मुदती हा कचेरीचा कारभार झाला. दोनशे जणांच्या खुल्या गटात गझल टाका, ज्याला जे सुचेल ते तो सांगेल आणि त्यातले निवडक आपण घ्यावे.

तिन्ही मुद्दे ऐकायला बिनतोड वाटतात. कसोटीला मात्र तिन्ही टिकत नाहीत. निवाडा वाचकाने करावा, म्हणून एक उदाहरण समोर ठेवतो. या लेखासाठीच रचलेल्या या ओळी एखाद्या शिकाऊ मित्राच्या आहेत असे समजा. वृत्त भुजंगप्रयात, म्हणजे लगागा लगागा लगागा लगागा. ‘नाही’ हा रदीफ.

कुणी यायचे ते घरी आज नाही
जुन्या पावलांचाच आवाज नाही

तुझ्या अंगणी फुलली रातराणी
तिला सौरभाचा जरा माज नाही

किती दाटले आत पाणी तरीही
नभी मेघ आहे तरी वीज नाही

या रचनेत दोन तांत्रिक चुका आहेत. एक सहज सापडते, दुसरी चांगल्या-चांगल्यांच्या नजरेतून निसटते.

आता पहिला मुद्दा. मोठ्या गटात या गझलेला मिळणारा ‘कठोर’ अभिप्राय कसा असतो, हे त्या गटांत वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘ही गझलच नाही. आधी बाराखडी शिका, मग लिहा.’ सुरेश भटांनी नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली, तिचा असा उल्लेख वारंवार होतो. आता हा दुसरा अभिप्राय पाहा. ‘शेर तिसरा, ओळ दुसरी. मतल्यात आज आणि आवाज या काफियांनी जच्या आधीचा आ ही अलामत ठरवून दिली. वीजमध्ये त्या जागी ई आला. म्हणून हा काफिया चालत नाही.’ यात एकही कठोर शब्द नाही. कवीच्या लायकीबद्दल चकार शब्द नाही. पण दोहोंपैकी अधिक निष्ठुर कोणता? पहिल्या अभिप्रायापासून कवी सहज पळ काढू शकतो, ‘अमुक जण माझ्यावर जळतात’ एवढे म्हटले की झाले. दुसऱ्यापासून पळायला वाटच नाही. चूक कुठल्या ओळीत आहे, कोणत्या अक्षरात आहे आणि का आहे, हे सगळे समोर मांडलेले आहे. सौम्य स्वरात दोष झाकला जातो, हे म्हणणे इथेच कोसळते. दोष झाकला जातो तो मोघमपणात. आणि मोघमपणा शिवीतही असतो, स्तुतीतही असतो.

हा केवळ माझा तर्क नाही. एव्हराम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1996 साली अभिप्रायाच्या परिणामांवरचे अनेक दशकांचे प्रयोग एकत्र करून तपासले. सरासरी पाहता अभिप्रायाने काम सुधारते, हे त्यांना दिसले. पण एकतृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्राय मिळाल्यावर काम खालावले होते. त्यांची कारणमीमांसा अशी की, अभिप्रायाने माणसाचे लक्ष हातातल्या कामावरून उडून स्वतःवर गेले, ‘मी कोण, माझी पात्रता किती’ याकडे वळले, की त्याचा उपयोग घटतो. स्तुतीलाही हे लागू आहे. म्हणून चांगल्या गटात ‘तुम्हाला वृत्त कळत नाही’ या वाक्याला जशी बंदी हवी, तशीच नुसत्या ‘वाह’, ‘क्या बात’, ‘अप्रतिम’ यांनाही हवी. ओळ आवडली तर कोणती आणि कशामुळे, ते लिहावे. सौम्यतेचा अर्थ एवढाच की बोलणे ओळीविषयी असावे, ओळ लिहिणाऱ्याविषयी नसावे. पाठ थोपटण्याशी तिचा काही संबंध नाही.

दुसरा मुद्दा अधिक वजनाचा आहे आणि त्याच्यापुढे मी आदराने उभा आहे. इस्लाहची परंपरा थोर आहे. पण ती नीट वाचली तर काय दिसते? मिर्झा ग़ालिब मुन्शी हरगोपाल ‘तफ़्ता’ या आपल्या लाडक्या शागिर्दाच्या रचना पत्रांतून तपासत. ती पत्रे उपलब्ध आहेत. म्हणजे दुरून, लेखी आणि सवडीने केलेली चिकित्सा ही इंटरनेटने आणलेली नवी टूम नव्हे, ती इस्लाहच्या परंपरेतच बसलेली गोष्ट आहे. कागदावर लिहून सांगायचे म्हटले की सांगणाऱ्याला कारण द्यावे लागते, केवळ भुवई उंचावून भागत नाही. ऑनलाइन गटाने हीच लेखी शिस्त उचलायची आहे.

पण मूळ आक्षेप शिल्लक राहतो, ग़ालिब कुठे आणि आपला शिकाऊ मित्र कुठे? बरोबर आहे. म्हणूनच छोट्या गटाने उस्तादाची नक्कल करू नये. त्याचा पहिला नियम असा हवा की, दुसऱ्याची ओळ कुणीही बदलून द्यायची नाही. उस्ताद ओळ बदलतो, कारण त्याच्या कानामागे आयुष्यभराचा रियाज असतो. सहाध्यायाला तो अधिकार नाही. त्याने दोष दाखवावा, कारण द्यावे आणि थांबावे. दुरुस्ती कवीची. नाहीतर सहा जणांच्या सहा दुरुस्त्या येतात, त्यातली सर्वांत गुळगुळीत ओळ कवी उचलतो आणि गझल त्याची राहत नाही.

मग अशा सहाध्यायाचा उपयोग तरी काय? आता दुसऱ्या चुकीकडे या. ‘तुझ्या अंगणी फुलली रातराणी’. अक्षरे मोजा, बाराच भरतात. भुजंगप्रयातालाही बाराच लागतात. चालीवर म्हणा, ओळ सुरेख वाहते. मग चूक कुठे? लगावली मांडली की ती उघडी पडते. तु-झ्या-अं, ल गा गा. ग-णी-फु, इथे शेवटी गा हवा आणि फु तर लघू आहे. चालीवर म्हणताना जीभ नकळत त्याला ‘फू’ करते आणि कान फसतो. उत्तम गळ्याच्या कवीकडून ही चूक जास्त होते, कारण गळा ती भरून काढतो. ती पकडतो कोण? बोटांवर मात्रा मोजणारा. सरावलेला उस्ताद ऐकताक्षणी ‘इथे अडखळले’ म्हणेल, पण अडखळले म्हणजे नेमके काय झाले, हे अक्षर-अक्षर उलगडून सांगण्याचा त्याला कंटाळा असतो आणि त्यात गैर काही नाही. कालपरवा लगावली शिकलेल्याला तो कंटाळा नसतो. ज्या पायरीवर समोरचा अडला आहे, ती त्याने नुकतीच ओलांडलेली असते.

शिवाय इथे एक गोष्ट कायम नजरेआड होते. अभिप्रायाचा लाभ फक्त घेणाऱ्याला होतो, असे आपण गृहीत धरून चालतो. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांनी 2009 साली दुसरी भाषा म्हणून इंग्रजी लिहायला शिकणाऱ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थी दुसऱ्यांच्या निबंधांवर फक्त अभिप्राय देत होते, काही जण फक्त अभिप्राय घेऊन आपण काय बदलू हे शिकत होते. स्वतःच्या लेखनात जास्त सुधारणा देणाऱ्यांची झाली आणि हा फरक खालच्या पातळीवरच्या शिकणाऱ्यांत अधिक दिसला. गझल आणि निबंध एक नव्हेत, हे मान्य. पण कारण दोन्हीकडे सारखेच लागू पडते. दुसऱ्याच्या ओळीतला लघू ‘फु’ पकडणारा माणूस पुढच्या वेळी स्वतःच्या ओळीत ‘फुलली’ लिहिताना थबकतो. उस्तादाच्या पायाशी बसून फक्त घेणाऱ्याला ही सवय कुठून लागणार?

शिकाऊ माणूस चूकही सांगेल, हा धोका खरा आहे. आपल्याच उदाहरणात एखादा सदस्य हमखास लिहील, ‘जुन्यामध्ये न्या हे जोडाक्षर आहे, त्यामुळे जु गुरू झाला आणि वृत्त मोडले.’ नियम त्याने बरोबर पाठ केला आहे. सत्य, शब्द, रक्त यांत जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू होतेच. पण जुन्या, तुझ्या, उद्या असे शब्द उच्चारताना आधीच्या अक्षरावर आघात येत नाही, ते लघूच राहते. मोठ्या गटात हा चुकीचा शेरा ठामपणे पडला की नवखा कवी घाबरून एक निर्दोष ओळ मोडून टाकतो. नियमबद्ध गटात तसे का होत नाही? कारण तिथे कारण लिहावेच लागते आणि लिहिलेले कारण तपासता येते. ‘आघात येतो का, मोठ्याने म्हणून पाहा’ एवढे एकाने विचारले की शेरा गळून पडतो आणि तो लिहिणारा त्या दिवशी सर्वांत जास्त शिकतो. शंका उरलीच तर माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ आहे. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवण्याची वेळ येत नाही.

आता तिसरा मुद्दा, नियम आणि फेऱ्यांचा. ज्या काव्यप्रकारात रदीफाची वेलांटी हलवायची मुभा नाही, त्याच्या अभ्यासकांना नियमांचे वावडे असावे, हे मला उमगत नाही. जुन्या मुशायऱ्यात शमा ज्याच्यासमोर येई त्याने वाचावे, अशी रीत होती. तिला कुणी कचेरी म्हटले नाही. आणि खुल्या गटातली ‘मोकळी चर्चा’ खरोखर मोकळी असते काय? तिथे पहिला शेरा ज्याचा पडतो तो दिशा ठरवतो. ज्येष्ठाने ‘वाह’ लिहिले की खाली वीस वेळा ‘वाह’ येते. त्याने नाक मुरडले की वीस नाके मुरडतात. अलामतीचा दोष ज्याला दिसला तो संकोचाने गप्प बसतो. दोनशेपैकी सात-आठ जण बोलतात आणि रोज तेच बोलतात. याला मोकळेपणा कसा म्हणायचा?

फेऱ्या हव्यात त्या याच कारणाने. त्या कशा असाव्यात, हे जरा सविस्तर सांगतो, कारण विरोधकांनी ही व्यवस्था क्वचितच जवळून पाहिलेली असते. गट सहा जणांचा. चारांखाली गेला तर एकाच्या आजारपणाने बंद पडतो, आठांवर गेला तर आपली पाळी यायला दोन महिने लागतात आणि उत्साह ओसरतो. एका आठवड्याला एकाच सदस्याची एकच गझल. सोमवारी ती टंकित मजकूर म्हणून यावी, सजवलेले चित्र म्हणून नव्हे. चित्रातली ओळ उचलून तिच्याखाली लिहिता येत नाही. सोबत कवीने स्वतः मांडलेली लगावली आणि त्याला पडलेला एक प्रश्न. लगावली मांडायची अट एवढी गुणकारी आहे की निम्म्या चुका गझल पाठवण्याआधीच कवीला दिसतात.

पहिली फेरी बुधवारपर्यंत, फक्त वाचनाची. प्रत्येक शेर आपल्याला काय सांगून गेला, ते एकेका वाक्यात लिहायचे. चांगले-वाईट काही म्हणायचे नाही. हे अभिप्राय गटात थेट टाकायचे नाहीत. ते संयोजकाला खासगीत पाठवायचे आणि त्याने रात्री ते एकदम प्रसिद्ध करायचे. इतरांचे वाचून आपले मत बनवण्याची सोयच त्यामुळे उरत नाही. आपल्या तिसऱ्या शेरात कवीच्या मनात गिळलेला राग असेल आणि पाचही जणांनी ‘पाणी’ म्हणजे अश्रू असे वाचले असेल, तर कवीला जे कळायचे ते कुणीही टीका न करता कळते.

दुसरी फेरी शुक्रवारपर्यंत, तंत्राची. शेराचा क्रमांक, ओळीचा क्रमांक, दोष आणि कारण. कारण नसेल तर शेरा धरायचा नाही. या फेरीत ‘फु’ सापडतो, ‘वीज’ सापडते आणि तिसऱ्या शेरात ‘तरीही’ नि ‘तरी’ लागोपाठ आल्याचे कुणीतरी दाखवते. तिसरी फेरी शनिवारी, कवीने विचारलेल्या प्रश्नावर. मत द्यायचे ते इथे, त्याआधी नाही. या सगळ्या काळात कवी गप्प. ही अट सर्वांना जाचक वाटते आणि सर्वांत मोलाची तीच आहे. अमेरिकेत 1956 साली सुरू झालेल्या मिलफर्ड लेखनशिबिरापासून विज्ञानकथा लेखकांमध्ये ही पद्धत रुळली. प्रत्येकाने पाळीने बोलायचे, मध्ये तोंड घालायचे नाही, लेखकाने शेवटी उत्तर द्यायचे. कवी मध्येच ‘मला असे म्हणायचे होते’ असे सांगू लागला की वाचक ओळ वाचायची सोडून कवीचे भाष्य वाचू लागतो. वहीतल्या गझलेसोबत कवी प्रत्येक वाचकाच्या घरी जाणार आहे थोडाच?

रविवारी कवी लिहितो, तेही समर्थन नव्हे, तर काय बदलणार आणि काय ठेवणार एवढेच. आपल्या मित्राचे काय झाले ते पाहा. ‘तुझ्या अंगणी ही फुले रातराणी’ असे त्याने केले, ‘ही’ने गुरूची जागा भरली आणि वृत्त सावरले. तिसऱ्या शेराशी तो जास्त झगडला. ‘वीज’ त्याला सोडवत नव्हती. शेवटी ‘किती दाटले आत पाणी कधीचे, नभी मेघ आहे तरी गाज नाही’ असा शेर झाला. अलामत सांभाळली गेली, ‘तरी’ची पुनरावृत्ती गेली. आता एकजण म्हणेल की गाज समुद्राची, मेघाची नव्हे. दुसरा म्हणेल की गरजणाऱ्या ढगालाही ती शोभते. हा वाद मताचा आहे, चुकीचा नाही, तो कवीनेच मिटवायचा. मात्र फेऱ्या वेगळ्या ठेवल्या म्हणूनच चूक आणि मत यांतला हा भेद गटाला दिसला. सगळे एकदम बोलू लागले असते तर ‘फु’ आणि ‘गाज’ एकाच पंक्तीत बसले असते.

ही व्यवस्था ऑनलाइन असण्याचा एक साधा फायदाही आहे. नाशिकची गृहिणी रात्री दहानंतर लिहिते, दुबईतला अभियंता कामावरून परतल्यावर मोकळा असतो, इचलकरंजीतला यंत्रमाग कामगार पाळी संपली की वाचतो. फेरीला दिवस-दोन दिवस दिले की तिघेही एकाच गटात बसतात. बैठकीला ते कधीच एकत्र आले नसते.

या गटाच्या मर्यादा मी लपवणार नाही. सहा जणांना एकच गोष्ट ठाऊक नसेल तर ती सहाही जणांना दिसणार नाही. वृत्त निर्दोष आणि काफिये चोख असलेली निर्जीव गझल फेऱ्यांतून अलगद पार होते, कारण शेरियत मोजता येत नाही. एकमेकांचा परिचय वाढला की दुसऱ्या फेरीतले शेरे कमी होऊ लागतात. तंत्राची फेरी सलग दोन आठवडे रिकामी गेली, तर गझला सुधारल्या असे समजू नये, गट मऊ पडला असे समजावे. यावर उपाय आहेत. दर सहा आठवड्यांनी, एक आवर्तन पुरे झाले की, एखाद्या जाणत्या गझलकाराला एका आठवड्यापुरते पाहुणा म्हणून बोलवावे आणि त्याला मात्र ओळ बदलून दाखवायची मुभा द्यावी. संयोजक दर आवर्तनाला बदलावा. जो सलग दोन आठवडे अभिप्राय देणार नाही, त्याची पाळी पुढे ढकलावी. उस्तादाची जागा हा गट घेत नाही. उस्तादापुढे ठेवण्यालायक मसुदा तयार करून देतो. ज्येष्ठांनी लघू-गुरूच्या चुका काढण्यात आपला वेळ का घालवावा? त्यांच्याकडून शेरियत शिकायची आहे.

राहिला प्रश्न कठोरपणाचा. ‘आम्ही शिव्या खाऊनच शिकलो’ असे अनेक ज्येष्ठ सांगतात आणि ते खोटे बोलत नाहीत. पण तो पुरावा टिकलेल्यांचा आहे. त्याच शिव्या खाऊन ज्यांनी वही मिटली, त्यांची साक्ष घ्यायला कोण गेले? त्यांच्यातले कितीजण गझलकार झाले असते, याचा हिशेब कुणाकडेच नाही. तेव्हा शिव्यांनीच माणूस घडतो, हे सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. शिव्या खाऊनही काही माणसे घडतात, एवढेच सिद्ध होते.

ज्यांना हा पक्ष अजूनही पटला नसेल त्यांच्याशी माझे भांडण नाही, एक मागणी आहे. पुढच्या वेळी एखाद्या नवख्याच्या रचनेखाली ‘ही गझल नाही’ असे लिहावेसे वाटले, तर आधी शेराचा क्रमांक लिहा, ओळीचा लिहा, कोणते अक्षर चुकले ते लिहा आणि का चुकले ते लिहा. एवढे लिहून झाल्यावरही ते मूळ वाक्य ठेवावेसे वाटले, तर खुशाल ठेवा.